गरोदर बाई, उजवीकडे दुखतंय, सोनोत अपेंडिक्स दिसलं नाही. पुढे सीटी की एमआरआय?

निशाचर_इंटर्न
नमस्कार मंडळी. पीजी एन्ट्रन्सच्या टेस्ट सिरीजमधला एक प्रश्न कालपासून डोक्यात अडकलाय. प्रश्न असा, २८ वर्षांची बाई, २४ आठवड्यांची गरोदर, दोन दिवसांपासून पोटात उजवीकडे दुखतंय, एकदा उलटी झाली, ताप १००.४, डब्ल्यूबीसी १४,०००. पोट मऊ आहे पण उजवीकडे दाबल्यावर दुखतं. सोनोग्राफीत बाळ व्यवस्थित, अपेंडिक्स दिसलं नाही. पुढची तपासणी कोणती? अ) कॉन्ट्रास्ट सीटी ब) कॉन्ट्रास्टशिवाय एमआरआय क) गॅडोलिनियम देऊन एमआरआय ड) लगेच लॅपरोस्कोपी.

मी अ टिक केलं कारण नोट्समध्ये मोठ्या अक्षरात लिहिलंय, अपेंडिक्स म्हणजे सीटी. उत्तर निघालं ब. रूममेट म्हणते सोनो नॉर्मल आला तर घरी पाठवा, औषध द्या, पर्यायच चुकीचे आहेत. मला पाठांतर नकोय, असा प्रश्न आला की विचार कुठून सुरू करायचा ते सांगा.

कोपऱ्यातला_डॉक्टर
सोपं आहे. गरोदरपणात सीटी कधीच नाही. विषय संपला. सीटी दिसलं की त्या पर्यायावर काट मारायची, मग उरेल ते उत्तर.

बाबूराव_पेन्शनर
माझ्या मते एमआरआयच करावा. मागच्या वर्षी मला कंबरेतून डाव्या पायात कळ जायची, साडेसहा हजार लागले पण नस कुठे दबलीय ते स्वच्छ दिसलं. सोनोग्राफीवाल्याने मात्र गॅस आहे म्हणून काहीच दिसत नाही असं सांगून पैसे घेतले.

निशाचर_इंटर्न
काका प्रश्न गरोदर बाईचा आहे 😅

बाबूराव_पेन्शनर
अरे हो की. चष्मा लावून वाचायला हवं होतं. पण गॅसचं खरं आहे हं.

सोनोवाली_ताई
काका चुकून बरोबर जागी आलेत. सोनोच्या लाटांना गॅसच्या पलीकडचं दिसत नाही, म्हणून तर अपेंडिक्स शोधताना प्रोब हळूहळू दाबत जायचा, म्हणजे आतड्यातला गॅस बाजूला सरकतो आणि मागचं दिसायला लागतं. दाबून चपटी झाली ती साधी आतडी. एका टोकाला बंद असलेली, दाबली तरी तशीच राहणारी आणि बाहेरून बाहेर ६ मिलीमीटरपेक्षा जाड नळी दिसली की संशय पक्का होत जातो. पोट सडपातळ असेल तर हे छान जमतं. २४ आठवड्यांचं गर्भाशय मध्ये आलं की दाबायला जागाच राहत नाही, आणि अपेंडिक्स जागेवरून वर सरकलेलं असू शकतं.

आता निशाचर, तुझ्या रूममेटसाठी. 'दिसलं नाही' आणि 'नॉर्मल दिसलं' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा प्रश्न या एका शब्दावर उभा आहे. मी रिपोर्टमध्ये अपेंडिक्स नॉट व्हिज्युअलाइज्ड लिहिते तेव्हा मी फक्त एवढं म्हणतेय की मला माहीत नाही. घरी पाठवा असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

मुद्देसूद
पुढे तुम्ही सगळे 'प्लीज कोरिलेट क्लिनिकली' पण लिहिता ताई, ते विसरलात.

सोनोवाली_ताई
ते लिहिलं नाही तर आम्हाला रेडिओलॉजिस्ट कोण म्हणेल 😄

मुद्देसूद
बरं आता मुद्द्यावर. निशाचर, तू प्रश्नातला नेमका शब्द वाचलास का? 'पहिली तपासणी' विचारली असती तर सोनोग्राफी. 'पुढची तपासणी' विचारलीय म्हणजे सोनो झालेली आहे आणि तिने उत्तर दिलेलं नाही. आणि 'इन्व्हेस्टिगेशन ऑफ चॉइस' विचारलं की लोक आणखी गोंधळतात, कारण गरोदर नसलेल्या मोठ्या माणसात तिथे सीटी असतं आणि तेच पाठ झालेलं असतं. तुझ्या नोट्स चुकीच्या नाहीत, त्या दुसऱ्याच पेशंटच्या आहेत.

निशाचर_इंटर्न
हे वाक्य चिकटवून ठेवते भिंतीवर. पण कोपऱ्यातल्या सरांसारखं सीटीवर सरळ काट मारायची का मग?

सोनोवाली_ताई
नाही, आणि इथे मी डॉक्टरसाहेबांशी अर्धी सहमत आहे, अर्धी नाही. सीटी इथे पहिली पसंती नाही हे खरं. 'कधीच नाही' हे खोटं. पोट आणि ओटीपोटाच्या एका सीटीत बाळाला साधारण १० ते २५ मिलिग्रे किरण लागतात, मशीन आणि सेटिंगप्रमाणे थोडं कमी जास्त. बाळात व्यंग येणं किंवा गर्भपात होणं यासाठी जो धोक्याचा आकडा धरतात तो ५० मिलिग्रेच्या वर आहे. म्हणजे एका सीटीने बाळाला व्यंग येईल ही भीती निराधार आहे. राहतो तो पुढे लहानपणी कॅन्सर होण्याचा किंचित वाढलेला धोका. तो अगदी छोटा आहे पण शून्य नाही, म्हणून किरण नसलेला पर्याय हाताशी असेल तर आधी तो. हाताशी नसेल आणि पेशंट बिघडत असेल तर सीटी करायचं, सही घ्यायची, रडत बसायचं नाही. फुटलेलं अपेंडिक्स बाळासाठी त्या २५ मिलिग्रेपेक्षा कितीतरी वाईट.

कोपऱ्यातला_डॉक्टर
पुस्तकात काहीही असू दे ताई, उद्या बाळाला काही झालं, मग ते कशानेही असो, तर नातेवाईक सीटीवर बोट ठेवणार आणि मारहाण माझ्याच दवाखान्यात होणार. हे आकडे त्यांना कोण समजावणार?

सोनोवाली_ताई
हे मान्य. पण ती तुमची अडचण आहे, प्रश्नाचं उत्तर नाही. आणि आधी लिहिताना तुम्ही नातेवाईकांमुळे नाही असं म्हटलं नव्हतं, कधीच नाही म्हटलं होतं. तसं सांगितलं की इंटर्न्स तेच शिकतात आणि मग गरोदर बाईचा अपघात होऊन डोक्याला मार लागला तरी डोक्याचं सीटी करायला घाबरतात, जिथे बाळाला अगदी नाममात्र किरण पोचतात.

कोपऱ्यातला_डॉक्टर
ठीक. 'कधीच'च्या जागी 'शक्यतो' वाचा. पेन मागे घेतो.

अनघा_माहेरवाशीण
मी डॉक्टर नाही पण हा धागा वाचून अंगावर काटा आला. मोठीच्या वेळी पाचव्या महिन्यात मला असंच उजवीकडे दुखलं होतं, वाकून चालत होते, सगळे म्हणाले अपेंडिक्स. सोनोग्राफीत कळलं की गर्भाशयावर गाठ होती, फायब्रॉइड, ती आतून खराब होत होती म्हणून दुखत होतं. प्रोब नेमका त्या गाठीवर टेकला की मी ओरडायचे. चार दिवस सलाईन आणि दुखण्याचं औषध, बस्स. एमआरआय बिमआरआय काही लागलं नाही. मग सोनो झालेली असताना पुढचं का?

सोनोवाली_ताई
अनघाताई, कारण तुमच्या वेळी सोनोने उत्तर दिलं. हेच तर! सोनो पहिली करायची ती स्वस्त आहे म्हणून नव्हे, गरोदर बाईच्या उजव्या बाजूला दुखण्याची अर्धी कारणं तिलाच दिसतात म्हणून. गाठ, बीजांडाला पडलेला पीळ, पित्ताशयातले खडे, बाळाची अवस्था. तिने कारण दाखवलं की तिथेच थांबायचं. प्रश्नातल्या बाईत कारण सापडलं नाही आणि ताप आहे, दुखणं आहे, म्हणून पुढे.

सर्जन_सातारकर
थोडं सर्जनच्या बाजूने. पांढऱ्या पेशी १४,००० म्हणून घाबरू नका, गरोदरपणात १६,००० पर्यंत एरवीही असतात, त्या आकड्याला इथे काही किंमत नाही. आणि 'पोट मऊ' याने निश्चिंतही होऊ नका. गर्भाशय पुढे आल्यामुळे सुजलेलं अपेंडिक्स पोटाच्या पुढच्या भिंतीला लागतच नाही, मग पोट कडक होणार कसं. माझा अनुभव सांगतो, या बायकांमध्ये आपण उशीर करतो. सोनो, मग सकाळी सिनियर येऊन परत सोनो, मग एमआरआयची अपॉइंटमेंट, तोवर ते फुटलेलं असतं. मला विचाराल तर अनुभवी हात असेल तर ड सुद्धा चूक नाही.

मुद्देसूद
सर, प्रश्नात पोट कडक नाही, बीपी पडलेलं नाही, दोन दिवस झालेत म्हणजे पेशंट धरून आहे. ड साठी त्यांनी तशी चिन्हं दिली असती. जे दिलेलं नाही ते गृहीत धरायचं नाही.

सर्जन_सातारकर
परीक्षेत नाही धरायचं. रात्री दोनला धरावं लागतं.

सोनोवाली_ताई
सातारकर सर, उशिराचं तुमचं म्हणणं शंभर टक्के. पण नसलेलं अपेंडिसायटिस म्हणून पोट उघडलं तर तेही फुकट जात नाही, वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात. म्हणून मधली पायरी हवी, फक्त ती तासाभरात व्हायला हवी, उद्या नाही.

एक केस सांगते, गेल्या पावसाळ्यातली. रात्री साडेअकराला फोन, २५ आठवडे, पहिलटकरीण, तालुक्याहून आलेली. तिथल्या सोनोचा कागद हातात, 'अपेंडिक्स दिसलं नाही'. आधी मोठ्या प्रोबने बाळाचे ठोके, बीजांडं, पित्ताशय, किडन्या. उजवी किडनी थोडी फुगलेली होती. इथे नवखे लोक खुश होऊन 'खडा!' लिहून मोकळे होतात. गरोदरपणात उजवी किडनी एरवीही थोडी फुगते कारण गर्भाशय नळीवर टेकतं, खडा दिसल्याशिवाय त्याच्यावर ढकलायचं नाही. मग छोटा, वरवरचं बारीक दाखवणारा प्रोब घेतला. नेहमीच्या जागी काही नाही. तिला म्हटलं, एका बोटाने दाखव गं, हात फिरवू नकोस. तिने बोट ठेवलं बेंबीच्या वर, बरंच उजवीकडे. तिला डाव्या कुशीवर वळवलं, गर्भाशय डावीकडे कललं आणि बाजूने जायला वाट मिळाली. यकृताच्या कडेखाली, ९ मिलीमीटर, दाबली तर दबेना, भोवतीची चरबी पांढरीफटक. आधीच्या सोनोवाल्याने पाठीवर निजवून नेहमीच्या जागी बघितलं होतं, त्याची चूक म्हणणार नाही, रांगेत चाळीस पेशंट असतात.

तिला एमआरआय लागलाच नाही. सर्जनने चीरसुद्धा नेहमीपेक्षा वर घेतली.

निशाचर_इंटर्न
बाप रे. म्हणजे 'परत सोनो' हा पर्याय असता तर तोही बरोबर धरला असता का?

सोनोवाली_ताई
अनुभवी माणूस, कुशीवर वळवून, लगेच, तर व्यवहारात हो. परीक्षेत पर्याय असेल तर वाद होईल, पण एमआरआय उपलब्ध असल्याचं प्रश्नात गृहीत असतं, म्हणून ब. दुसरी केस उलट होती. २१ आठवडे, मी अर्धा तास घाम गाळला, वळवलं, दाबलं, काही नाही. एमआरआयला पाठवलं. अपेंडिक्स दिसलं, ५ मिलीमीटर, आत थोडी हवा, भोवती काही नाही. दोन दिवसांत दुखणं आपोआप बसलं. लोकांना वाटतं एमआरआयचं काम रोग पकडणं, माझ्या मते या पेशंटमध्ये त्याचं मोठं काम आहे धडधाकट अपेंडिक्स दाखवून सर्जनचा हात थांबवणं.

चुंबकमामा
एमआरआय टेक्निशियन आहे, १२ वर्षं. खिडकीच्या अलीकडचं सांगतो. अशा पेशंटला आमच्याकडे टेबलावर १५ ते २० मिनिटं लागतात, झटपट चित्रं तिन्ही बाजूंनी आणि वर चरबी दाबून एक संच, बाळ हलतं म्हणून झटपट. सरळ पाठीवर ठेवत नाही, उजव्या बाजूखाली उशी देऊन थोडं डावीकडे कलतं करतो, नाहीतर मोठ्या शिरेवर वजन पडून बाईला आत गेल्यावर गरगरतं आणि ती घंटा दाबते.

खरा वेळ जातो बाहेर. मंगळसूत्र, बांगड्या, पैंजण, केसातल्या पिना. जोडवी काढायला सासूबाई तयार नसतात. एकदा एका आजीबाईंनी सांगितलं, काढायचीच तर सुनेच्या पदरात बांधून द्या, अंगावरून जाऊ देणार नाही. पदर बाहेर, सून आत, मधोमध मी. शेवटी आजींच्याच मुठीत दिली, मूठ घट्ट धरून बसल्या वीस मिनिटं.

अनघा_माहेरवाशीण
हा हा, माझ्या आत्याची आठवण आली!

निशाचर_इंटर्न
मामा, क का नाही मग? गॅडोलिनियम दिलं तर आणखी स्वच्छ दिसेल ना, मी दोनदा तेच टिक करणार होते.

चुंबकमामा
आमच्याकडे गरोदर बाईला डॉक्टरांच्या लेखी आदेशाशिवाय देत नाही, का ते ताई सांगतील.

सोनोवाली_ताई
ते वार ओलांडून बाळाकडे जातं, बाळ ते लघवीत टाकतं, लघवी जाते गर्भजलात, आणि बाळ तेच पाणी परत गिळतं. म्हणजे बाईच्या शरीरातून निघून गेलं तरी तिथे फिरत राहतं. आणि अपेंडिक्ससाठी त्याची गरजच नसते, सूज आणि पाणी कॉन्ट्रास्टशिवायही उजळून दिसतं. म्हणून क हा सापळा आहे, एमआरआय बरोबर आठवलं पण अर्धवट आठवलं अशांसाठी. सीटीचं आयोडीनवालं कॉन्ट्रास्ट वेगळं, ते गरज असेल तर देतात, दोन्ही कॉन्ट्रास्ट एकाच पिशवीत घालू नकोस.

कोपऱ्यातला_डॉक्टर
आणि ताई, तुमच्या त्या साडेअकराच्या केसमध्ये फॉर्म एफ भरला की नाही? १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने गरोदर बाईच्या सोनोला कागद पूर्ण हवा, अपेंडिक्स बघायला असला तरी.

सोनोवाली_ताई
भरला. एका हातात प्रोब, एका हातात पेन. नवरा गाडी लावायला गेला होता आणि बाईची सही घेताना ती म्हणाली, मॅडम आधी दुखणं बघा ना.

मुद्देसूद
धागा भरकटायच्या आत निशाचरसाठी एक सराव. तीच बाई, गरोदर नाही, वय ५२, बाकी सगळं तेच, सोनोत अपेंडिक्स दिसलं नाही. आता?

निशाचर_इंटर्न
सीटी, शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन. बाळ नाही. आणि ५२ वय म्हणजे अपेंडिक्सच असेल असंही नाही, मोठ्या आतड्याची गाठ असू शकते, तीही सीटीत दिसेल. बरोबर?

सोनोवाली_ताई
वा. आणि ९ वर्षांचा मुलगा असता तर?

निशाचर_इंटर्न
पहिली सोनो, मूल बारीक असतं, दाबायला सोपं. नाही दिसलं तर... एमआरआय? पण तो वीस मिनिटं हलणार नाही असं कुठलं नऊ वर्षांचं पोर आहे.

चुंबकमामा
माझा पुतण्या सोडून कुणीही नाही. तोही फक्त मोबाईल दिला तर, आणि मोबाईल आत चालत नाही 😁

सर्जन_सातारकर
मुलात मी दाखल करून सहा सहा तासांनी पोट स्वतः तपासतो आणि गरज वाटली तर परत सोनो. सीटी शेवटी. यावर ताई आणि मी एकदा केबिनमध्ये भांडलोय.

सोनोवाली_ताई
सर, भांडण मुलावरून नव्हतं, 'गरज वाटली तर' कधी वाटते यावरून होतं. आणि ते अजून मिटलेलं नाही.

निशाचर_इंटर्न
एक शेवटचं. माझी इंटर्नशिप जिथे चालू आहे तिथे रात्री एमआरआय बंद असतो, जवळचा चालू ६० किलोमीटरवर. खऱ्या आयुष्यात ही २४ आठवड्यांची बाई रात्री एकला आली, सोनोत दिसलं नाही, रेडिओलॉजिस्ट सकाळी नऊला येणार. गाडीत घालू की सीटी करू की थांबू?

सर्जन_सातारकर
सर्जनला उठव. नऊपर्यंत थांबू नकोस.

सोनोवाली_ताई
दोघांनाही उठव. ताप चढत असेल, नाडी वाढत असेल तर गाडीत घालू नकोस, सीटी कर. स्थिर असेल तर आधी मला डाव्या कुशीवर बघू दे.

सर्जन_सातारकर
तुम्ही सकाळी नऊला येता ताई.

सोनोवाली_ताई
मी साडेअकराला आले होते सर, पावसात.

बाबूराव_पेन्शनर
आणि ६० किलोमीटरचा रस्ता कसाय ते आधी विचारा. खड्ड्यात गाडी आपटली आणि बाई कळवळली की समजायचं अपेंडिक्स. माझ्या मेव्हण्याचं तसंच कळलं होतं.

सर्जन_सातारकर
काका, हसू नका कुणी, हे आम्ही खरंच विचारतो, येताना गतिरोधकावर दुखलं का म्हणून.